सोन्याच्या टोकनामागचे ४१ बार मोजले, साडेसेहेचाळीस औंस कमी भरले

गेल्या सप्टेंबरात एका मित्राने त्याची सोन्याची टोकनं, म्हणजे तिजोरीतल्या सोन्यावर काढलेली क्रिप्टो टोकनं, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, तूच बघ बाबा, ह्याच्यामागे खरंच सोनं आहे का. त्याच्याकडे १८ टोकनं. एक टोकन म्हणजे एक ट्रॉय औंस शुद्ध सोनं, म्हणजे ३१.१ ग्रॅम, तर सगळं मिळून साधारण ५६० ग्रॅम. पॅक्स गोल्ड किंवा टेदर गोल्ड ही ह्यातली मोठी नावं, त्याची टोकनं ह्या दोन्हींपैकी नव्हती, पण त्याच साच्यातल्या एका लहान कंपनीची होती. नाव सांगत नाही, कारण त्यांनी चोरी केली असं काही मला सापडलेलं नाही आणि उगाच कोणावर चिखल उडवायचा नाहीये. मित्राचा युक्तिवाद एवढाच की साईटवर हिरवी टिक आहे, खाली "१००% बॅक्ड" लिहिलंय, मग अजून काय पाहिजे. मी म्हटलं थांब, टिक लावायला दोन मिनिटं लागतात, आपण वजन करू.

पण वजनाच्याही आधी एक भलतीच गोष्ट निघाली. १८ पैकी फक्त ७ टोकनं त्याच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये होती, बाकीची ११ ज्या एक्स्चेंजवर घेतली तिथेच पडून होती. आता हे बारीक वाटतं पण अजिबात नाही, कारण एक्स्चेंजवरची टोकनं म्हणजे त्या एक्स्चेंजच्या वहीतली एक ओळ असते, ब्लॉकचेनवर ती एक्स्चेंजच्या मोठ्या पत्त्यात सगळ्यांच्या टोकनांसोबत असतात आणि तिजोरीतल्या सोन्याशी तुमचा थेट संबंध तिथेच तुटतो. पॅक्स गोल्डवाल्यांनी एक सोय दिलीय, आपला वॉलेट पत्ता टाकला की कुठल्या बारचा नंबर तुमच्या टोकनांशी जोडलाय ते दिसतं, टेदर गोल्डकडेही तसंच आहे, आणि ह्या लहान कंपनीनेही त्याची नक्कल केली होती. मित्राने ७ वाला पत्ता टाकला तर बारचा नंबर आला, ११ साठी टाकायला त्याच्याकडे पत्ताच नव्हता. तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा उतरला.

मग मुख्य काम. हिशोब सोपा आहे, एका बाजूला चेनवर किती टोकनं बाहेर आहेत, दुसऱ्या बाजूला तिजोरीत किती शुद्ध औंस आहेत, दोन्ही एकाच क्षणाचे पाहिजेत. इथेच बरेच लोक घसरतात. कंपनीचा अकाउंटंटचा रिपोर्ट ३१ ऑगस्टचा होता आणि तो यायला महिना-दीड महिना लागतो, तोपर्यंत नवीन टोकनं निघालेली असतात. एक्सप्लोररवर, म्हणजे चेनवरचे आकडे दाखवणाऱ्या साईटवर, मी बघितलं त्या दिवशी पुरवठा १६,५१८ च्या आसपास होता, तो ऑगस्टच्या बार लिस्टशी लावला असता तर दीडशेपेक्षा जास्त औंसांची तूट दिसली असती आणि मी उगाच बोंब मारली असती. उलटंही होऊ शकतं बरं का, महिनाअखेरीला कमी टोकनं दिसावीत म्हणून काही परत घेऊन नंतर पुन्हा सोडली तर रिपोर्ट छान दिसतो, म्हणून मधल्या दिवसांचे आकडेही एकदा चाळायचे.

जुन्या तारखेचा पुरवठा काढायला रिपोर्टमध्ये दिलेली वेळ घ्यायची, ती युनिक्स टाइमस्टँपमध्ये, म्हणजे सेकंदांत, बदलायची, तिचा ब्लॉक शोधायचा आणि त्या ब्लॉकवर कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे टोकनाच्या चेनवरच्या प्रोग्रॅमला, विचारायचं. मी `cast` हे कमांड-लाइन टूल वापरतो, जोडणी मात्र जुना डेटा ठेवणाऱ्या नोडशी लागते, साध्या नोडवर एरर येते:

```
cast find-block <TIMESTAMP> --rpc-url <RPC>
cast call <TOKEN> "totalSupply()(uint256)" --block <BLOCK> --rpc-url <RPC>
```

उत्तर आलं ते असं:

```
16402750000000000000000
```

घाबरायचं नाही, ह्या टोकनाला १८ दशांश स्थानं आहेत, म्हणून शेवटचे १८ आकडे पॉइंटच्या पुढचे. म्हणजे १६,४०२.७५ टोकनं. सगळ्यांनाच १८ नसतात हं, टेदर गोल्डला ६ आहेत, तेव्हा आधी `decimals()` विचारून घ्यायचं. आणि टोकन दुसऱ्या एखाद्या चेनवर पण असेल तर तिथली संख्या मिळवायची की नाही हे बघायचं. ह्या केसमध्ये दुसऱ्या चेनवर १,२०० टोकनं फिरत होती, पण ती ब्रिजची, म्हणजे एका चेनवरून दुसरीवर नेणाऱ्या सोयीची होती, मूळ चेनवर तेवढीच टोकनं ब्रिजच्या पत्त्यात कुलूपबंद होती, म्हणजे ती आकड्यात आधीच धरलेली. कंपनीने दुसऱ्या चेनवर स्वतः वेगळी टोकनं काढली असती तर ती मिळवावी लागली असती. (ब्रिज हॅक झाला तर त्या १,२०० वाल्यांच्या हातात सोनं नसलेली टोकनं राहतील, तो त्यांचा वेगळाच प्रश्न.)

आता तिजोरीची बाजू. कंपनीच्या बार लिस्टमध्ये लंडनच्या व्हॉल्टमधले ४१ बार होते, सगळे लंडन गुड डिलिव्हरी प्रकारचे. हे ते मोठे बार, सिनेमात दिसतात तसे, साधारण साडेबारा किलोचा एक. पण "४०० औंसांचा बार" असं बोलीत म्हणत असले तरी प्रत्येकाचं वजन वेगळं असतं, नियमाने शुद्ध सोनं ३५० ते ४३० औंसांच्या मध्ये कुठेही चालतं, आणि शुद्धता हजारात किमान ९९५. बारवर सिरीयल नंबर, रिफायनरचा शिक्का, शुद्धता आणि बनवल्याचं वर्ष एवढं कोरलेलं असतं. लिस्टमध्ये ह्याचेच कॉलम, सोबत एकूण वजन आणि शुद्ध वजन.

आणि इथे माझीच फजिती झाली. मी घाईघाईत शीट उघडली, वजनाचा कॉलम धरला, बेरीज केली, १६,४१२.३५० आले. टोकनांपेक्षा ९.६ औंस जास्तच! मित्राला मेसेज टाकला, निवांत झोप, सोनं वर उरतंय. रात्री परत बघितलं तेव्हा कळलं की मी एकूण वजन जोडलंय. टोकन शुद्ध औंसाचं आहे, बारमध्ये चांदी-तांबं वगैरे जे थोडं असतं ते धरायचं नाही. लिस्टमधला एक बार घेऊन दाखवतो, एकूण वजन ४०१.२७५, शुद्धता ९९५.८, तर गुणाकार करून शुद्ध सोनं ३९९.५९०. ह्या एका बारमध्येच दीड-पावणेदोन औंस गळाले. ४१ बारचं शुद्ध वजन जोडलं तर १६,३५६.२०८ भरलं. म्हणजे ९.६ ने जास्त नाही, ४६.५४२ औंसांनी कमी. जवळजवळ १ किलो ४५० ग्रॅम सोनं. टक्क्यात ०.२८, मित्राच्या १८ टोकनांवर दीड ग्रॅमच्या थोडं वर. रक्कम छोटी आहे, पण "१००%" च्या हिरव्या टिकेखाली ती बसत नाही ना.

सकाळी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे मग पळून जाऊ का आत्ताच?" मी म्हटलं आधी विचारू तर दे. सपोर्टला मेल टाकला, दोन्ही आकडे, ब्लॉक नंबर, बेरजेची शीट जोडली. नुसतं "तुमच्याकडे सोनं आहे का" असं विचारलं की छापील उत्तर येतं, आकडा दिला की कोणीतरी माणूस वाचतो. चार दिवसांनी उत्तर आलं, आणि खरं सांगायचं तर उत्तर बरोबरच होतं: बार अख्खाच विकत घेता येतो, टोकनं मात्र पाव-अर्धी-दीड अशी विकली जातात, म्हणून एक बार भरेपर्यंतचा उरलासुरला भाग ते एका बुलियन बँकेत अनअलोकेटेड खात्यात ठेवतात. ३१ ऑगस्टला त्या खात्यात ४६.६ औंस होते. रिपोर्टच्या तळटीपेत हे होतं, मी वाचलं नव्हतं, चूक माझी.

पण अलोकेटेड आणि अनअलोकेटेड ह्या दोन शब्दांतला फरक नीट समजून घ्या कारण सगळी मेख तिथेच आहे. अलोकेटेड म्हणजे अमुक नंबरचा बार तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय, तो बँकेच्या मालमत्तेत धरत नाहीत. अनअलोकेटेड म्हणजे बँक तुम्हाला इतके औंस देणं लागते, बस, एक उधारी, बँक बुडाली तर तुम्ही बाकीच्या देणेकऱ्यांसारखे, सॉरी, घेणेकऱ्यांसारखे रांगेत. तेव्हा "सोन्यावर आधारित" हे दोन्ही ठिकाणी लिहिता येतं. ह्या कंपनीचा उरलेला भाग एका बारपेक्षा कमी होता, म्हणजे पटण्यासारखा. तोच भाग तीन-चार बारांएवढा असता तर मी म्हटलं असतं की बार घ्यायला कोणी अडवलंय.

मग बार एकेक बघितले. कंटाळवाणं काम आहे पण ४१ ओळीच आहेत. रिफायनर गुड डिलिव्हरी यादीत आहे का (सध्याच्या किंवा जुन्या, कारण यादीतून निघालेल्या रिफायनरचे आधीचे बारही चालतात), शुद्ध वजन ३५०-४३० मध्ये आहे का, एकूण वजन ०.०२५ च्या पटीत आहे का, कारण हे बार त्याच पायरीने तोलतात. शुद्धतेशी गुणाकार जुळतो का. एका ठिकाणी सिरीयल नंबर दोनदा आला आणि मी खुर्चीत सरळ बसलो, पण रिफायनर वेगळे होते, नंबर प्रत्येक रिफायनर आपापले देतो, तेव्हा तो प्रश्न मिटला. एक उद्योग मी आणखी केला, एसपीडीआर गोल्ड शेअर्स हा मोठा गोल्ड फंड आपली बार लिस्ट छापतो, प्रचंड मोठी पीडीएफ असते, तिच्यात आपले ४१ नंबर शोधले. तोच रिफायनर, तोच नंबर, तेच वजन असा एखादा निघाला असता तर एकच बार दोघांना दाखवलाय असं झालं असतं. नाही निघाला. पण ह्याने सिद्ध एवढंच होतं की त्या फंडाशी टक्कर नाही, बाकी जगातल्या ज्या तिजोऱ्यांच्या याद्या कोणी छापत नाही तिथे काय आहे ते कोण बघणार. बार गहाण टाकलाय का, हे तर कुठल्याच यादीत दिसत नाही.

अकाउंटंटच्या रिपोर्टबद्दल मित्राचा समज होता की ऑडिटर जाऊन बार मोजून आला. रिपोर्ट वाचला तर तसं काही नाही. कंपनीच्या मॅनेजमेंटने म्हटलंय की ३१ ऑगस्टला अमुक वाजता सोनं टोकनांएवढं किंवा जास्त होतं, अकाउंटंटने त्या म्हणण्याची तपासणी केली, व्हॉल्टवाल्याकडून लेखी कन्फर्मेशन मागवलं आणि चेनवरचा आकडा बघितला. व्हॉल्टला भेट नाही, बारला हात नाही, सोनं खरं की खोटं ह्याची चाचणी तर नाहीच. हे अटेस्टेशन, पूर्ण ऑडिट वेगळं, त्यात कंपनीची देणी, कर्ज, सगळं येतं. अटेस्टेशन एका क्षणाचा फोटो आहे. तरी त्याची किंमत शून्य नाही, फक्त वाचताना तीन गोष्टी बघायच्या: कन्फर्मेशन थेट व्हॉल्टकडून आलं की कंपनीने आणून दिलं, व्हॉल्टवाला आणि कंपनी एकाच मालकाचे आहेत का, आणि अनअलोकेटेडची ओळ वेगळी दाखवली की बारमध्ये मिसळली. ह्या केसमध्ये पहिल्या दोन ठीक, तिसरी तळटीपेत ढकललेली. प्रूफ ऑफ रिझर्व्ह नावाने चेनवर जो आकडा येतो, तोही शेवटी व्हॉल्ट किंवा ऑडिटरकडूनच आलेला असतो, ब्लॉकचेनला तिजोरीत डोकावता येत नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, आणि ती आकड्यात नव्हतीच. नियम-अटी वाचल्या, सव्वीस पानं. पॅक्स गोल्डची जारीकर्ती पॅक्सोस स्पष्ट म्हणते की सोन्याचा मालक टोकनधारक आहे आणि आम्ही फक्त सांभाळतो. आमच्या ह्या कंपनीच्या जाहिरातीच्या पानावर "तुमचं सोनं" असं होतं, पण अटींमध्ये शब्द होते की टोकनधारकाला "परतफेडीचा करारातला हक्क" आहे, आणि व्हॉल्टमधलं खातं कंपनीच्या नावावर, पुढे "धारकांच्या वतीने" वगैरे काही नाही. ह्याचा अर्थ कंपनी दिवाळखोरीत गेली तर तिच्या बाकीच्या घेणेकऱ्यांचा वकील कोर्टात उठून म्हणू शकतो की ४१ बार हे कंपनीचेच आहेत, टोकनवाले पण आमच्यासारखेच घेणेकरी. तो जिंकेल की हरेल हे त्या देशाच्या कायद्यावर. पण भांडण करायला जागा आहे, आणि बार शंभर टक्के जागेवर असूनही ही जोखीम जात नाही. बार मोजून मोजून आपण दमतो आणि खरं भोक ह्या एका वाक्यात असतं.

ई-गोल्डची गोष्ट इथे आठवते. १९९६ ला सुरू झालेलं, टोकन नव्हे पण कल्पना तीच, तिजोरीत सोनं आणि खात्यावर ग्रॅम. सोनं खरोखर होतं. पण २००७ मध्ये अमेरिकेत मनी लाँडरिंग आणि विनापरवाना पैसे पाठवण्याच्या धंद्याचे आरोप लागले, २००८ मध्ये चालवणाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, व्यवहार थांबले, आणि साध्या खातेदारांना आपलं मिळवायला पुढे दावे भरावे लागले. म्हणजे बार जागेवर आणि माणूस रांगेत.

परत मिळण्याचं म्हणाल तर ते १८ टोकनवाल्यासाठी जवळजवळ नाहीच. बार हातात घ्यायचा तर अख्खा बार, पॅक्स गोल्डला त्यासाठी किमान ४३० टोकनं लागतात कारण बार ४३० पर्यंत जाऊ शकतो, आमच्या कंपनीचाही आकडा तोच होता. रोख परतफेड होती, पण किमान २० टोकनांपासून, आणि मित्राकडे १८. खूप हसलो आम्ही ह्यावर. म्हणजे त्याचा खरा बाहेरचा दरवाजा एकच, बाजारात विकणं. मी सहज म्हणून एका रविवारी विकेंद्रित एक्स्चेंजवर १८ टोकनांचा भाव काढला तर शुक्रवारच्या सोन्याच्या भावापेक्षा ०.९ टक्के खाली मिळत होता, मंगळवारी तोच फरक ०.३ झाला. शनिवार-रविवार सोन्याचा बाजार बंद आणि टोकन चालूच असतं, त्यात त्या एक्स्चेंजवरचा टोकनांचा साठा उथळ असला की कोणीतरी घाबरून विकलं की भाव वेडावाकडा होतो. ०.२८ टक्क्यांच्या तुटीवर मी रात्र जागवली आणि विकताना त्याच्या तिप्पट जाऊ शकतात, असा सगळा विनोद.

शेवटचं कॉन्ट्रॅक्ट. कोड प्रॉक्सीमागे आहे, म्हणजे कंपनी तो बदलू शकते. व्यवहार थांबवायचं फंक्शन आहे, पत्ता गोठवायचं आहे, गोठवलेल्या पत्त्यातली टोकनं पुसायचंही आहे. हे ऐकून मित्र हादरला पण पॅक्स गोल्डच्या कॉन्ट्रॅक्टमध्येही गोठवणं-पुसणं आहेच, कोर्टाचा आदेश आला तर नियंत्रित कंपनीला ते करावंच लागतं. मी बघतो ते एवढंच की ह्या चाव्या कोणाकडे आहेत. इथे नवीन टोकन छापायचा अधिकार एकाच साध्या पत्त्याकडे होता, तीनपैकी दोन सह्या वगैरे काही नाही. ती एक चावी चोरीला गेली तर चोर कितीही टोकनं छापू शकतो आणि बार ४१ च राहतात. ही गोष्ट मी मेलमध्ये दुसरा प्रश्न म्हणून विचारली होती, मालकी हक्काचा तिसरा.

मित्राने मग असं केलं: एक्स्चेंजवरची ११ टोकनं आधी स्वतःच्या वॉलेटमध्ये आणली, पाठवायचा खर्च एकदाच बसला. त्यातली १० मंगळवारी-बुधवारी थोडी थोडी विकून ज्या टोकनाच्या अटींमध्ये मालकी धारकाची असं स्वच्छ लिहिलंय तिकडे वळवली. ८ तशीच ठेवली, त्याला ह्या कंपनीची फी कमी वाटते, त्याचा पैसा त्याची मर्जी.

३० नोव्हेंबरचा रिपोर्ट जानेवारीत आला. ४२ बार, नवीन एक ३९८.११७ औंसांचा, शुद्ध सोनं १६,७५४.३२५, टोकनं १६,७६१.१०, फरक ६.७७५, आणि ह्यावेळी अनअलोकेटेडची ओळ तळटीपेतून वर तक्त्यात आलीय. छापायचा अधिकारही आता तीन सह्यांच्या वॉलेटकडे गेलाय, तो बदल मी चेनवर बघितला. तिसऱ्या प्रश्नाला "आमची लीगल टीम बघतेय" एवढंच उत्तर आहे, आणि अटींमधलं ते वाक्य आज सकाळपर्यंत तसंच आहे.